वरच्या मजल्यावरची खुर्ची, जिन्यातली सायकल

रात्री पावणेबाराला वरच्या घरात कुणीतरी जेवणाच्या टेबलाची खुर्ची मागे ओढतं. ओढणाऱ्याच्या कानाला तो आवाज जेमतेम जाणवतो, कारण त्याच वेळी पंखा चालू असतो, टीव्ही चालू असतो, भांड्यांची हालचाल चालू असते. खालच्या घरात मात्र दिवे मालवलेले असतात, सगळं शांत असतं, आणि त्या शांततेत डोक्यावरून काहीतरी खरवडत गेल्यासारखं होऊन झोपलेला माणूस दचकून उठतो. वरच्याला वाटतं, आपण तर काहीच केलं नाही. खालच्याला वाटतं, हे मुद्दाम करतात. शेजारच्या दोन कुटुंबांत वर्षानुवर्षांचा अबोला सुरू व्हायला एवढं पुरतं.

या दोघांत कुणीही खोटं बोलत नाही. आवाज कसा उतरतो हे कळलं की शेजाऱ्याकडे काय मागायचं हेही कळतं. म्हणून बोलायला जाण्याआधी थोडं आवाजाबद्दल.

आवाज कुठून येतो

एका घरातला आवाज दुसऱ्या घरात दोन वाटांनी पोचतो. पहिली वाट हवेची. बोलणं, टीव्ही, गाणी हे आवाज उघड्या खिडक्या, दाराखालची फट आणि संडास-बाथरूमच्या डक्टमधून फिरून येतात. मधल्या काँक्रीटच्या स्लॅबमुळे ते बरेच अडतात, त्यामुळे वरच्यांचं साधं बोलणं खाली सहसा ऐकू येत नाही.

दुसरी वाट बांधकामाची. खुर्ची ओढली, खलबत्त्यात आलं ठेचलं, टाच आपटून कुणी चाललं की धक्का थेट लादीला बसतो. आपल्याकडे लादी आणि स्लॅब यांच्यामध्ये सिमेंटचाच थर असतो, मऊ असं काही नसतं. मग पाच-सहा इंची स्लॅब स्वतः थरथरतो आणि खालच्या घराचं अख्खं छत ढोलाच्या पानासारखं वाजू लागतं. काँक्रीट हवेतला आवाज चांगला अडवतं, पण धक्का अडवत नाही. म्हणूनच वरची मंडळी मोठ्यानं हसली तरी खाली कळत नाही, आणि पाटा सरकला तर खालच्याची झोप उडते.

यातून व्यवहाराच्या दोन गोष्टी निघतात. पहिली ही, की धक्क्याचा आवाज उगमापाशीच थांबवणं स्वस्त पडतं. खाली फॉल्स सीलिंग करून घेणारे लोक आहेत. त्यात हजारो रुपये जातात आणि फरक मनासारखा पडत नाही, कारण थरथर भिंतींमधूनही खाली उतरते. वर मात्र खुर्चीच्या पायांना रबरी बुचं लावली की शे-दोनशे रुपयांत काम होतं. दुसरी गोष्ट अशी, की वरच्या माणसाला आपला आवाज खरोखर माहीत नसतो. तो माहीत करून देणं हेच आपल्या बोलण्याचं पहिलं काम.

आधी आठवडाभर नोंद

एक उदाहरण घेऊ. चार मजली सोसायटी, लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर एक शिक्षिका राहतात. सकाळची शाळा, त्यामुळे पाचला उठणं. चौथ्या मजल्यावर एक जोडपं आणि त्यांची दोन मुलं. बाईंची तक्रार अशी, की वरची मुलं मध्यरात्रीपर्यंत धिंगाणा घालतात.

बाई तावातावानं वर जाण्याऐवजी आठवडाभर वहीत नोंद करतात: किती वाजता, कसला आवाज, कुठल्या खोलीत, किती वेळ. आठवड्याअखेर चित्र वेगळंच दिसतं. मुलांची पळापळ रात्री नऊच्या आसपास थांबलेली असते. जाग येते ती पावणेबारा ते सव्वाबाराच्या दरम्यान, सोमवार ते शनिवार, आणि आवाज असतो खरवडल्याचा. रविवारी तो नसतोच. म्हणजे मुलांचा याच्याशी संबंध नाही. वरच्या घरातला कर्ता माणूस दुसरी पाळी करून साडेअकराला येतो आणि मग नवरा-बायको जेवायला बसतात. आवाज खुर्च्यांचा आहे.

ही नोंद नसती तर बाईंनी मुलांवरून बोलणं काढलं असतं, मुलांच्या आईनं ते मनाला लावून घेतलं असतं, आणि खुर्च्या सरकतच राहिल्या असत्या. चुकीच्या गोष्टीबद्दल केलेली तक्रार शेजारी मनापासून नाकारतो, आणि नाकारणं त्याच्या बाजूनं बरोबरच असतं.

घर तेच आहे ना, याचीही खात्री करायला हवी. धक्क्याचा आवाज कॉलम आणि बीममधून तिरका प्रवास करतो. डोक्यावर वाजतंय असं वाटतं आणि उगम शेजारच्या विंगमध्ये किंवा दोन मजले वर निघतो. आवाज चालू असताना एकदा जिन्यात जाऊन कानोसा घ्यावा. वरचे लोक गावाला गेले असतील त्या दिवसांत आवाज येतो का, तेही पाहावं. ही नोंद शेजाऱ्यापुढे पुरावा म्हणून नाचवायची नसते. नेमकं काय मागायचं, हे स्वतःला कळावं म्हणून ती असते.

रविवारी सकाळी अकरा

आवाजानं जाग आल्यावर त्याच क्षणी वर जाऊन बेल वाजवू नये. छतावर झाडूचा दांडाही आपटू नये. आपण चिडलेले असतो, समोरचा थकून ताटावर बसलेला असतो, आणि आपल्या बेलनं त्याची मुलं उठतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘काही लोकांना रात्री कसं वागावं कळत नाही’ असं टाकणं तर त्याहून वाईट. दोन घरांतली गोष्ट तीस घरांपुढे गेली की समोरच्याला आधी आपली अब्रू राखावी लागते, खुर्चीचा विचार मागे पडतो. वॉचमनकरवी निरोप पाठवला तर तो निरोप ‘खालच्यांनी तक्रार केलीय’ एवढाच होऊन पोचतो.

सुट्टीच्या दिवशी, न्याहारी झाल्यावर आणि स्वयंपाकाची घाई सुरू व्हायच्या आत, एकट्यानं जाणं चांगलं. दोन-तीन शेजारी मिळून गेलो तर बाजू भक्कम होते असं आपल्याला वाटतं, पण दार उघडणाऱ्याला तो मोर्चाच दिसतो. आपल्या घरातल्या ज्या माणसाची वरच्यांशी निदान जिन्यातली ओळख आहे, त्यानं जावं. बाईंचं बोलणं असं होऊ शकतं:

“वहिनी, पाच मिनिटं बोलायचं होतं. आत्ता जमेल, की संध्याकाळी येऊ?”

“या ना, बोला.”

“रात्री पावणेबाराच्या सुमाराला जेवणाच्या खुर्च्या सरकतात ना, तो आवाज आमच्या झोपायच्या खोलीत फार मोठा येतो. तुम्हाला इथे जाणवतही नसेल. मला पाचला उठायचं असतं, आणि एकदा जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही. खुर्च्यांच्या पायांना रबरी बुचं लावता येतील का?”

यात चारच गोष्टी आहेत: वेळ, वस्तू, आपल्याला होणारा त्रास, आणि शेवटी एक मागणी. मागणी अशी आहे की ती आज संध्याकाळी पुरी करता येते. ‘जरा आवाज कमी करा’ असं म्हटलं असतं तर वहिनींना काय करायचं हेच कळलं नसतं. मुलांना गप्प बसवायचं, टीव्ही बंद करायचा, की जेवायचंच नाही? अर्धवट कळलेली विनंती माणूस दोन दिवस पाळतो आणि मग सोडून देतो.

वहिनींचं उत्तर बहुधा असं येईल: “अहो, आमच्याकडे तर काहीच आवाज नसतो. हे घरी येतात साडेअकराला, आम्ही जेवायचं तरी कधी?”

इथे भांडणाचा फाटा फुटतो. ‘म्हणजे मी खोटं बोलते का?’ असं उलट विचारलं की संपलं. वहिनींना जेवणाच्या वेळेवर टीका ऐकू आली आहे, तेव्हा आधी ती शंका काढून टाकायची. “जेवणाच्या वेळेबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. दादा दमून येतात, ते मला माहीत आहे. फक्त खुर्चीच्या पायांचं बघा. आणि एकदा आमच्याकडे येऊन ऐकता का? तुम्ही आमच्या खोलीत थांबा, मी इथे खुर्ची सरकवते.”

या शेवटच्या वाक्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. वर राहणाऱ्यानं खाली उभं राहून आपल्याच घरातली खुर्ची ऐकली की वाद घालायला जागा राहत नाही. तो आवाज किती मोठा आहे हे सांगायला आपल्याला विशेषणं वापरावी लागत नाहीत. मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग हे काम करत नाही. फोनचा माइक खालचा घुमणारा आवाज नीट पकडत नाही, आणि आपलं घर कुणीतरी रेकॉर्ड करतंय ही जाणीव समोरच्याला दुखावते.

काही शब्द टाळायला हवेत. ‘नेहमी’ आणि ‘मुद्दाम’ हे दोन खासकरून. ‘नेहमी’ म्हटलं की समोरचा अपवाद दाखवतो, ‘मुद्दाम’ म्हटलं की स्वतःचा चांगुलपणा सिद्ध करू लागतो. ‘सगळेच म्हणतात’ हेही नको. त्यावर पहिला प्रश्न येतो, ‘कोण म्हणतं?’ आणि मग दोनाची चार घरं भांडणात ओढली जातात.

बुचं कसली आणि कशी

मागणी करताना उपाय माहीत असला तर काम लवकर होतं. लोखंडी किंवा स्टीलच्या पाइपच्या खुर्च्यांना मूळची प्लास्टिकची बुचं असतात. ती झिजली की धातू थेट लादीवर घासतो. पाइपची बाहेरची जाडी मोजून हार्डवेअरच्या दुकानातून त्या मापाची रबरी बुचं आणायची. लाकडी खुर्च्यांना चिकटवायचे फेल्टचे तुकडे मिळतात आणि ते आवाज छान मारतात. पण आपल्याकडे लादी रोज ओल्या फडक्यानं पुसली जाते, त्यामुळे त्यांचा गोंद सुटतो आणि काही आठवड्यांत ते निघून येतात. तेव्हा दर दोनेक महिन्यांनी नवे लावायची तयारी हवी. टेबलाखाली सतरंजी किंवा जाड रबरी मॅट घातली तर आणखी फरक पडतो.

वॉशिंग मशीनचं पाणी पिळायचं चक्र रात्री खाली घुमत असेल तर मशीनचे चारही पाय सारख्या उंचीवर आहेत का ते पाहावं, पायांखाली रबरी पॅड घालावेत, आणि रात्री दहानंतर ते चक्र चालू नये एवढं मागावं. टीव्ही किंवा स्पीकरच्या बाबतीत खाली उतरते ती मुख्यतः जाड, घुमणारी धमक. म्हणून सगळा आवाज बारीक करायला सांगण्यापेक्षा ‘बेस कमी करा आणि स्पीकर जमिनीवरून उचलून स्टुलावर ठेवा’ ही विनंती समोरच्याला पटायला सोपी जाते.

काही गोष्टी मागायच्याच नाहीत. तान्ह्या बाळाचं रडणं, आजारी माणसाचं खोकणं, वृद्धाची काठी, रात्री पाणी प्यायला उठलेल्याची पावलं हे आवाज कुणाच्या हातात नसतात. अशा वेळी आपला पलंग दुसऱ्या भिंतीला हलवणं किंवा कानात बोळे घालणं हाच मार्ग. हातात नसलेली गोष्ट एकदा मागितली की पुढे हातातली मागायचीही सोय राहत नाही.

कायदा कुठे पोचतो, कुठे नाही

वाद चिघळला की लोक डेसिबलच्या गोष्टी करू लागतात. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे आहेत. रात्र म्हणजे दहा ते सहा, आणि निवासी भागात दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल ही मर्यादा त्यांत आहे. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. वर्षातल्या ठरावीक दिवशी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देतं, तेवढाच अपवाद. गच्चीवर डीजे चालू असेल तर 112 वर पोलिसांना कळवता येतं, आणि कळवावंही.

पण 45 डेसिबल ही त्या परिसरातल्या आवाजाची, काही काळाची सरासरी काढून ठरवलेली पातळी आहे. दोन सेकंदांचं खुर्चीचं खरवडणं त्या सरासरीत कुठल्या कुठे बुडून जातं. छतातून येणाऱ्या धक्क्याला हे नियम जवळपास लागूच होत नाहीत. अशा आवाजासाठी पोलिसांना बोलावलं तर ते समज देऊन जातात, खुर्च्या तशाच राहतात आणि बोलणं मात्र बंद होतं. म्हणून रोजच्या घरगुती आवाजासाठी संवाद हाच मुख्य उपाय आहे.

दोनदा बोलूनही काही झालं नाही तर सोसायटीच्या सचिवांना लेखी अर्ज द्यावा. सभासदानं इतरांना उपद्रव होईल असं काही आपल्या सदनिकेत करू नये, असं सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत म्हटलेलं आहे. अर्जात वहीतल्या तारखा, वेळा आणि आपण कधी काय विनंती केली ते लिहावं. शेजाऱ्याच्या स्वभावाबद्दल एक शब्दही लिहू नये. अर्ज देण्याआधी ‘मी कमिटीला लिहितोय’ हे शेजाऱ्याला स्वतः सांगावं, म्हणजे पाठीमागून कारवाया केल्याचा राग राहत नाही. शेजारी नशेत असेल किंवा धमकी देत असेल, तर मात्र यातलं काहीच लागू नाही. तिथे एकट्यानं दारात जायचं नाही, थेट कमिटी आणि पोलीस.

जिना वेगळा का

जिन्यातल्या पसाऱ्याचं बोलणं थोडं वेगळ्या पायावर उभं राहतं. खुर्ची शेजाऱ्याच्या घरात असते. जिना कुणाच्याच घरात नसतो, तो सगळ्यांचा असतो. शिवाय तिथे प्रश्न झोपेचा नसून जिवाचा असतो. आग लागली तर लिफ्ट वापरायची नसते. उतरायची वाट जिना, अग्निशमन दलाची वर यायची वाट जिना, आणि धूरही वर चढतो तो याच पोकळीतून. अंधारात, धुरात, हातानं भिंत चाचपत उतरणाऱ्या माणसाच्या पायात चपलांचं स्टँड आलं तर त्याच्यामागचे सगळे अडतात. जुनी गादी, रद्दी, खोके हा तर जळायलाच ठेवलेला माल. जिन्याखाली वीजमीटर असतील तर त्यांच्याजवळ असलं काहीही असता कामा नये, कारण शॉर्टसर्किटची ठिणगी तिथेच पडते.

हे शेजाऱ्याला पटवायला आगीची भीती घालावी लागत नाही. रुग्णाचं उदाहरण जवळचं वाटतं. लिफ्ट नसलेल्या इमारतीत आजारी माणसाला खुर्चीत बसवून दोघं जण खाली नेतात. जिन्याच्या वळणावर, म्हणजे चौकात, त्यांना खुर्चीसकट फिरावं लागतं, आणि नेमकी तिथेच सायकल उभी असते. “काका, परवा वरच्या मजल्यावरच्या आजींना आणताना या चौकात आम्हाला वळता येईना. सायकल खाली पार्किंगमध्ये ठेवता येईल का?” अशी सुरुवात ज्याला समजायची नाही असा माणूस विरळा.

काका मग खरं कारण सांगतात: खाली ठेवली होती, चोरीला गेली. जिन्यात ठेवलेल्या जवळजवळ प्रत्येक वस्तूमागे असं एक कारण असतं. घर लहान असतं, दारात चपला काढायची सवय असते, पार्किंगमध्ये पाऊस येतो. त्या कारणाला उत्तर दिल्याशिवाय वस्तू हलत नाही, आणि हलली तरी महिन्याभरात परत येते. सायकलसाठी कमिटीकडे भिंतीला साखळीनं बांधता येईल असा लोखंडी कठडा मागायचा. तो मागायला काकांना बरोबर घ्यायचं. चपलांसाठी दाराच्या आतल्या भिंतीला लावायचं, जेमतेम सहा-सात इंच खोलीचं उभं कपाट मिळतं. वापरात नसलेल्या वस्तूंसाठी एक रविवार ठरवून भंगारवाल्याला बोलवायचं आणि सगळ्या मजल्यांचा माल एकाच दिवशी काढायचा.

दोन पथ्यं मात्र पाळायची. आपल्या दाराबाहेरची कुंडीसुद्धा आधी आत घ्यायची, कारण शेजाऱ्याची नजर पहिल्यांदा तिच्याकडेच जाते. आणि दुसऱ्याची वस्तू स्वतः उचलून बाजूला ठेवायची नाही, मग ती कितीही अडगळीची असो. सामायिक जागा अडवणाऱ्या सभासदाकडून मासिक देखभाल खर्चाच्या पाचपट रक्कम दरमहा आकारण्याची तरतूद आदर्श उपविधींत आहे. ती वापरायची वेळ आलीच तर कमिटीनं सगळ्या मजल्यांना सारखी नोटीस द्यावी. एकाच दारावर चिकटवलेली नोटीस म्हणजे त्या घराला सुरुंगच.

पुन्हा एकदा वर जाणं

बुचं लागली, सायकल खाली गेली, की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो आणि विषय विसरतो. इथे एक काम राहून जातं. वरच्यांना आधी आवाज ऐकू येत नव्हता, तसा आता त्यात पडलेला फरकही त्यांना ऐकू येत नाही. तो फक्त आपल्यालाच कळतो, म्हणून आपणच जाऊन सांगायला हवा. आठवड्यानं बाईंनी वर जाऊन म्हणावं, “वहिनी, फार बरं झालं, चार रात्री सलग झोप लागली.” पुढे दोन महिन्यांनी एखादं बूच सुटतं आणि खरवड पुन्हा सुरू होते. हे होणारच, त्यात कुणाची हयगय नसते. आधी आभार मानून झालेले असतील तर तेव्हा जिन्यात भेटल्यावर “एका खुर्चीचं बूच सुटलंय वाटतं” एवढंच बोलावं लागतं. मागणी करायला आपण एकदा जातो, तसं ती पुरी झाल्याचं सांगायलाही एकदा जायचं. पुढची मागणी सोपी होते ती या दुसऱ्या खेपेमुळे.